‘वर्गातून बोलावू नका’

शाळेच्या समुपदेशक बाईंच्या टेबलावर वहीचं फाडलेलं पान येतं. आठ घड्या घातलेलं, वर नुसतं ‘मॅडमना’. आत निळ्या पेनाने लिहिलेल्या वीस-बावीस ओळी, त्यातल्या दोन खोडलेल्या.

‘मॅडम, हे वाचून झालं की फाडून टाकाल ना? नाव लिहीत नाही, नववीत आहे एवढंच सांगता येईल. तुम्ही वर्गात म्हणालात, बोलता येत नसेल तर चिठ्ठी लिहा. याआधी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. मला नीट सांगता येत नाही. कुणी माझ्या नावाने हाक मारली की दुसऱ्याच कुणाला बोलावतायत असं वाटतं. पी.टी.ला मुलांची रांग वेगळी, मुलींची वेगळी होते तेव्हा पोटात गोळा येतो. आरशात बघायला नको वाटतं, या वर्षी तर जास्तच. हे सगळ्यांना होतं का? की मलाच काही झालंय? यूट्यूबवर शोधलं, पण भीतीच वाटली. बाबांना कळायला नको. आईला कदाचित... नको, तिलाही नको. सरांना सांगणार नाही ना? भेटायचं असेल तर वर्गातून बोलावू नका, सगळे विचारतील. कदाचित हे सगळं माझ्या मनाचेच खेळ असतील. तसं असेल तर सॉरी.’

हे पत्र कुणा एका विद्यार्थ्याचं नाही. या वयाची मुलं लिंगभावाबद्दल पहिल्यांदा बोलतात तेव्हा जे सांगतात, जे टाळतात आणि ज्याची त्यांना भीती वाटते, ते एकत्र करून ते इथे मांडलं आहे. असं पत्र हातात आल्यावर पहिल्या काही दिवसांत शाळेत काय घडतं, यावर पुढचं पुष्कळ अवलंबून असतं. म्हणून ते नीट वाचण्यापासूनच सुरुवात करायला हवी.

मराठीत ‘मी’ म्हटलं की पुढचं क्रियापद बहुतेकदा बोलणाऱ्याचं लिंग सांगून टाकतं. मी जातो, मी जाते. मी घाबरलो, मी घाबरले. या पत्रात असं एकही क्रियापद नाही. ‘घाबरलो’ किंवा ‘घाबरले’च्या जागी ‘भीतीच वाटली’ आहे. ‘लिहिलं’, ‘फाडलं’, ‘शोधलं’ ही रूपं कुणीही वापरली तरी सारखीच राहतात. ‘मला वाटतं’, ‘नको वाटतं’ यांतूनही काही कळत नाही. मराठीत वीस ओळी अशा लिहायच्या तर शब्द पारखून घ्यावे लागतात. तीन कागद फाडले गेले ते बहुधा त्यासाठीही.

मात्र यावरून लगेच निष्कर्ष काढायचा नसतो. ओळखू येऊ नये एवढ्यासाठीही कुणी असं लिहील. आणि क्रियापदावरून माणूस ओळखायला जावं तर कोल्हापूरकडे मुलीही सर्रास ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. त्यात लिंगभावाचा काही प्रश्न नसतो, ती तिथली बोली आहे. बाईंनी या लिखाणातून एवढंच घ्यायचं, की समोरच्याने स्वतःला कोणत्याही रूपात बांधून घेतलेलं नाही, तर आपणही बांधायचं नाही. मराठीत हे जमतं. ‘तू आलास’, ‘तू आलीस’ यात अडकायला होतं, पण ‘तू येशील’, ‘तुला काय वाटतं’, ‘तू लिहिलंस ते वाचलं’ ही वाक्यं दोघांनाही चालतात. ‘ये’, ‘बस’, ‘सांग’ यांनाही लिंग नसतं. पहिल्या भेटीत असं बोलण्याची सवय असलेल्या समुपदेशकासमोर मूल लवकर सैलावतं, कारण आपण केलेली कसरत समोरच्याने पाहिली आणि पाळली, हे त्याला न सांगता कळतं.

मग प्रश्न येतो भेटीचा. पत्रावर नाव नाही. अक्षरावरून ओळखायला वह्या मागवणं, वर्गशिक्षकांना ‘तुमच्या वर्गात असं कोण आहे’ म्हणून विचारणं, हा सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक मार्ग आहे. स्टाफरूममध्ये एकदा विषय निघाला की चार वाजेपर्यंत तो शाळाभर होतो. पत्राचा फोटो काढून ‘काय करू?’ म्हणून सहकाऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवणं, हीसुद्धा गोपनीयता मोडण्याचीच गोष्ट आहे. फोटो पुढे कुठे जाईल ते पाठवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

त्यापेक्षा बाईंनी नववीच्या सगळ्या तुकड्यांत जावं. एकाच तुकडीत गेलं तर तिथलीच चिठ्ठी होती हे उघड होतं. प्रत्येक वर्गात तेच सांगावं: मला आलेल्या चिठ्ठ्या मिळाल्या, मी वाचल्या, त्या कपाटात कुलपात आहेत. बुधवारी आणि शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी खोलीत असते. अभ्यास, परीक्षेची भीती, पुढे कोणती शाखा घ्यायची, घरचं, मनातलं, काहीही घेऊन या. असं म्हटलं की त्या दाराकडे जाण्याला शंभर कारणं मिळतात आणि नेमकं कोण कशासाठी गेलं, हे कुणाला कळत नाही.

इथे चिठ्ठ्यांच्या पेटीचाही विचार करावा लागतो. शाळेतली तक्रार पेटी ही एकट्या समुपदेशकाची नसते. ती मुख्याध्यापकांसमोर, समितीतल्या मंडळींसमोर उघडतात, आणि तक्रारींसाठी ते योग्यच आहे. पण मनातलं खासगी काही लिहिणाऱ्या मुलाला हे माहीत नसतं. समुपदेशकाची पेटी वेगळी असावी, तिची किल्ली एकाच माणसाकडे असावी आणि ती कोण उघडतं हे पेटीवरच लिहावं.

समजा, शुक्रवारी मधल्या सुट्टीत ते मूल आलं. दारात उभं राहून ‘मॅडम, ती चिठ्ठी...’ एवढंच बोललं. आता ‘घाबरू नकोस, मी कुणालाही काही सांगणार नाही’ हे वाक्य ओठांवर येईल. ते बोलायचं नाही, कारण ते पूर्ण खरं नाही. आणि पुढे ते मोडावं लागलं तर ते मूल पुन्हा कुठल्याच मोठ्या माणसाकडे जाणार नाही.

खरं वचन थोडं लांब असतं, आणि मुलाने मन मोकळं करण्याच्या आधी ते द्यायचं असतं. ‘तू जे सांगशील ते तुझ्या परवानगीशिवाय मी वर्गशिक्षकांना, मुख्याध्यापकांना किंवा घरी सांगणार नाही. पण तीन गोष्टी मला एकटीला ठेवता येत नाहीत. तुझ्या जिवाला धोका असेल, कुणी तुझ्यावर लैंगिक अत्याचार केला असेल, किंवा तुझ्यामुळे दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, तर मला मदत मागावीच लागेल. तेव्हाही कुणाला आणि किती सांगायचं, हे मी आधी तुझ्याशी बोलेन.’

यातला दुसरा अपवाद कायद्यातून आला आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९व्या कलमाप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं ज्याला कळेल, त्याला ते पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवणं हाच गुन्हा ठरतो. समुपदेशकाला त्यातून सूट नाही. मात्र मुलाला आपल्या लिंगभावाबद्दल प्रश्न पडणं हा ना गुन्हा आहे, ना धोका. तो तिन्ही अपवादांत कुठेच बसत नाही. म्हणजे पत्रात जे लिहिलं आहे तेवढंच असेल, तर ते बाईंपाशीच राहू शकतं.

कायद्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं २३वं कलम उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क देतं, पण ते उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं आहे, आणि अल्पवयीन मुलाच्या बाबतीत त्याचे पालकच त्याचे प्रतिनिधी धरले जातात. शाळेतल्या समुपदेशकाने नेमकं काय गुप्त ठेवावं, हे ओळीओळीने सांगणारा वेगळा कायदा नाही. आधार आहे तो सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांचा. १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालाने लिंगभाव ही व्यक्तीच्या अंतरंगाची आणि प्रतिष्ठेची गोष्ट मानली, आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. बाकी पुष्कळसं शाळेच्या धोरणावर राहतं. म्हणूनच ते धोरण पत्र येण्याआधी कागदावर असावं लागतं.

वचन देऊन झाल्यावर ऐकायचं. या वेळी समुपदेशकापुढे एक मोह असतो, तो म्हणजे निदान करण्याचा. ‘तू पारलिंगी आहेस’ असं म्हणण्याचा किंवा ‘हे वयच असं असतं, जाईल’ असं म्हणण्याचा. पहिल्या भेटीत दोन्हीला आधार नसतो.

पत्रातल्या ओळी पुन्हा पाहिल्या तर का ते कळतं. ‘आरशात बघायला नको वाटतं, या वर्षी तर जास्तच.’ नववीचं वय म्हणजे शरीर झपाट्याने बदलण्याचं. ज्यांचा लिंगभाव जन्मवेळच्या नोंदीशी जुळत नाही त्यांची घालमेल याच काळात वाढते, हे खरं. पण वयात येताना स्वतःचं शरीर परकं वाटणं इतर अनेक मुलांनाही होतं. रांगेत पोटात गोळा येतो तो कशामुळे? त्या रांगेत आपण बसत नाही असं वाटतं म्हणून, की त्या रांगेत कुणी चिडवतं म्हणून? मुलगी असून कबड्डी खेळू दिली जात नाही याचा राग असू शकतो. मुलगा असून हळवा आहे म्हणून मिळणाऱ्या टोमण्यांचा कंटाळा असू शकतो. कधी प्रश्न लिंगभावाचा नसून आकर्षणाचा असतो. आपण कोण आहोत हे लिंगभावात येतं आणि आपल्याला कोण आवडतं हे लैंगिक कलात येतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चौदाव्या वर्षी त्यांची सरमिसळ होणं साहजिक आहे. आणि कधी मूल पहिल्या दिवशी चाचपडत जे सांगतं, तेच पुढे अनेक वर्षं ठामपणे सांगत राहतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणाने, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेला. नोंदीचं नाव आहे लिंगभाव-विसंगती. तिथे एक अट स्पष्ट घातली आहे: वागण्यातल्या, कपड्यांच्या किंवा खेळांच्या वेगळ्या आवडींवरून हे निदान करता येत नाही. अनुभवलेला लिंगभाव आणि जन्मवेळी नोंदलेलं लिंग यांतली विसंगती ठळक आणि टिकून राहिलेली असावी लागते. म्हणजे केस कापून घेणारी मुलगी किंवा नाच आवडणारा मुलगा, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. आणि ठरलंच, तरी ते वेड नव्हे, हेही त्याच कागदाने सांगितलं.

औषधोपचारांचा प्रश्न पहिल्या भेटीत येत नाही, आणि मुलाने यूट्यूबवर पाहून विचारला तर सरळ उत्तर द्यावं. किशोरवयात वयात येणं थांबवणाऱ्या औषधांवरून जगभर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. ब्रिटनमध्ये डॉ. हिलरी कास यांच्या एप्रिल २०२४ च्या अहवालाने त्यामागचा पुरावा कमकुवत असल्याचं म्हटलं, तर इतर देशांतल्या वैद्यकीय संघटना निवडक मुलांसाठी तो उपचार योग्य मानतात. असा कुठलाही निर्णय पालक आणि तज्ज्ञ डॉक्टर यांच्याशिवाय होत नाही. बाईंनी ‘त्याची आज घाई नाही’ असं सांगितलं की मुलाच्या डोक्यावरचं एक ओझं उतरतं.

मग पहिल्या भेटीत करायचं काय? रोजचा दिवस विचारायचा. झोप लागते का, जेवण जातं का, शाळा किती बुडते, कोण चिडवतं. आणि एक प्रश्न असा, जो सहसा कुणाला सुचत नाही: शाळेत असताना पाणी पितेस का, पितोस का, असं न विचारता ‘शाळेत पाणी किती प्यायलं जातं?’ कारण मुलांच्या आणि मुलींच्या, दोन्ही स्वच्छतागृहांत जायला नको वाटणारी मुलं सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दुपारपर्यंत डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते. पाण्याची बाटली संध्याकाळी भरलेलीच घरी जाते. हे समजलं तर उपाय त्याच दिवशी करता येतो. तासाच्या मध्ये, गर्दी नसताना, आजारी मुलांच्या खोलीजवळचं स्वच्छतागृह वापरायची मुभा बाई देऊ शकतात, आणि त्यासाठी कारण कुणाला सांगावं लागत नाही.

मरणाचे विचार येतात का, हेही स्पष्ट शब्दांत विचारायचं. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारलं तर मूल बहुधा सुटकेचा श्वास टाकतं. उत्तर ‘हो’ असेल तर पहिला अपवाद लागू होतो. त्या मुलाला एकटं सोडायचं नाही आणि घरच्या एका विश्वासाच्या माणसाला बोलवायचं. पण तिथेही सांगायचं ते एवढंच, की मूल फार त्रासात आहे आणि त्याला जिवाचा धोका आहे. लिंगभावाबद्दलचा तपशील मुलाच्या परवानगीशिवाय देण्याची गरज नसते. हा फरक पुष्कळांच्या लक्षात येत नाही, आणि धास्तावून सगळंच सांगून टाकलं जातं.

अनेक शाळांत घडतं ते उलट. पत्र मिळताच पालकांना फोन जातो, ‘तातडीने या’. हेतू चांगला असतो, शाळेला स्वतःवर काही येऊ नये असंही वाटत असतं. पण त्या मुलाने स्वतःही अजून पूर्ण वाक्यात न सांगितलेली गोष्ट आईबाबांना तिऱ्हाइताकडून, कार्यालयात, मुख्याध्यापकांसमोर कळते. त्यानंतर मोबाइल काढून घेणं, मारहाण, शाळा बदलणं, देवऋषी किंवा ‘बरं करणारा’ डॉक्टर शोधणं सुरू होतं. या शेवटच्या गोष्टीबद्दल पालकांनाही माहिती हवी. लिंगभाव किंवा लैंगिक कल उपचाराने पालटण्याचा प्रयत्न करणं हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. म्हणजे असं आश्वासन देणाऱ्या डॉक्टरवर राज्याची वैद्यक परिषद कारवाई करू शकते.

आयोगापर्यंत ही गोष्ट पोचली ती मद्रास उच्च न्यायालयातल्या एका खटल्यातून. मदुराईच्या दोन तरुणी घरच्यांच्या विरोधामुळे चेन्नईला आल्या आणि त्यांनी संरक्षण मागितलं. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी तेव्हा एक विलक्षण गोष्ट केली. या विषयाची आपल्याला पुरेशी समज नाही असं त्यांनी आदेशातच लिहिलं आणि निकाल देण्याआधी स्वतः मानसशास्त्रज्ञांपुढे बसून तो समजून घेतला. मग ७ जून २०२१ च्या आदेशात त्यांनी शाळा-महाविद्यालयांसाठीही सूचना दिल्या. पालक-शिक्षक संघामार्फत पालकांशी बोला, सर्वांना वापरता येईल असं स्वच्छतागृह ठेवा, हा विषय समजणारे समुपदेशक नेमा. त्याच वर्षी एनसीईआरटीने पारलिंगी मुलांच्या शाळेतल्या समावेशाबद्दल शिक्षकांसाठी प्रशिक्षण-पुस्तिका काढली, पण आक्षेप आल्यावर काही दिवसांतच ती संकेतस्थळावरून काढून घेतली गेली. वर्गातल्या शिक्षकाच्या हाती त्यानंतरही अंदाजच राहिला.

घरी सांगायचं कधी, हे मूल ठरवतं. कसं सांगायचं, याची तयारी बाई करून घेऊ शकतात. आपल्या पत्रात त्याची फट दिसतेच: ‘आईला कदाचित...’ त्या तीन टिंबांपासून सुरुवात करायची. आई कशावर चिडते, कशावर चिडत नाही? पूर्वी एखादी अवघड गोष्ट सांगितली तेव्हा काय झालं होतं? वाईटात वाईट झालं तर त्या रात्री कुणाकडे जाता येईल, मावशी, आजी, शेजारच्या काकू? ही नावं आधी कागदावर हवीत. मग आईशी बोलायचं पहिलं वाक्य खोलीत मोठ्याने म्हणून पाहायचं. अनेकदा तीन-चार भेटींनंतर मूल स्वतःच म्हणतं, ‘तुम्ही असाल तर सांगेन’. तेव्हा आईला फोन करायचा, आणि त्या खोलीत मुख्याध्यापकांची खुर्ची ठेवायची नाही.

मधल्या काळात पालकांनीच विचारलं, ‘आमचं पोर तुमच्याकडे कशासाठी येतं?’ तर खोटं बोलायचं नाही. ‘आमचं बोलणं चालू आहे, काळजीचं काही असतं तर मी स्वतः तुम्हाला कळवलं असतं. बाकीचं त्याच्याशी बोलून सांगते,’ एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे. मुलाच्या वयामुळे पालकांचा हक्क मोठा आहे. पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं झालं तर त्यांच्याशिवाय होणारच नाही. त्यामुळे पालकांना शत्रू मानणारं समुपदेशन फार काळ टिकत नाही.

पत्र फाडायची विनंती राहिली. बाईंनी ते मुलाच्या समोर मुलाच्याच हातात परत द्यावं. स्वतःच्या नोंदवहीत तारीख, पुढची भेट आणि खुणेचा आकडा एवढंच ठेवावं, नाव नको. विद्यार्थ्याच्या शालेय फाइलमध्ये यातलं काहीही लावू नये, कारण ती फाइल दाखल्याबरोबर पुढच्या शाळेतही जाऊ शकते.

जी शाळा हे वाचत असेल तिने एक काम या आठवड्यात करावं. समुपदेशकाच्या दारावर, मुलांच्या उंचीला, साध्या मराठीत तीन ओळी लावाव्यात: इथे सांगितलेलं कुणाला सांगितलं जात नाही, कोणत्या तीन वेळी सांगावं लागतं, आणि खोली कधी उघडी असते. ज्या शाळेत समुपदेशकच नाही, तिथे दारावर दोन क्रमांक लिहावेत. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. संकटातल्या मुलांसाठी १०९८ आहे. मुंबईतला हमसफर ट्रस्ट ही संस्था अनेक वर्षं याच विषयावर काम करत आहे. शिक्षकांना आणि पालकांना तिच्याशी बोलता येईल.

आणि ज्याने तीनदा कागद फाडला आहे, त्या नववीतल्या वाचकासाठी: सॉरी म्हणण्यासारखं त्या पत्रात काही नाही. चौथ्यांदा लिही.